रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि फ्लूची लस

हृदयाची झडप बदललेली माणसं, कधीतरी पायात गुठळी झालेली माणसं, अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका असलेली माणसं. यांच्या गोळ्यांच्या डब्यात वॉरफेरिन, ॲसिनोकुमारॉल किंवा रिव्हारोक्सबॅन, अपिक्सबॅनसारखी एखादी गोळी असतेच. पाऊस सुरू होण्याआधी यांपैकी कुणी फ्लूची लस घ्यायला गेलं की हमखास प्रश्न येतो, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" 'हो' म्हटलं की कधी लसच नाकारली जाते, तर कधी सांगितलं जातं, "मग चार दिवस गोळी बंद करा आणि या." पहिल्या उत्तराने माणूस फ्लूपुढे उघडा पडतो. दुसरं उत्तर तर जिवावर बेतू शकतं. खरं उत्तर तिसरंच आहे. गोळी चालू ठेवायची, लस घ्यायची, आणि सुई टोचण्याच्या पद्धतीत थोडे पण नेमके बदल करायचे.

ते बदल कळण्यासाठी आधी भीती कशाची आहे ते पाहू. फ्लूची नेहमीची लस अर्धा मिलिलिटर असते आणि ती दंडाच्या वरच्या भागातल्या डेल्टॉइड स्नायूत देतात. स्नायूत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सुई आत जाताना त्यातल्या काही फुटतातच, तुमच्या-आमच्याही. फुटलेल्या जागी रक्तातल्या प्लेटलेट गोळा होऊन काही मिनिटांत एक कच्चं बूच तयार करतात. मग रक्तातले गोठवणारे घटक, ज्यांना फॅक्टर म्हणतात, एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनचे धागे विणून ते बूच पक्कं करतात. नुसत्या विटा रचून ठेवाव्यात आणि मागाहून त्यांच्यात सिमेंट भरावं, तसं हे काम दोन टप्प्यांत होतं.

वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याचा पहिला टप्पा ठणठणीत असतो, दुसरा मंद झालेला असतो. म्हणून सुई काढल्यावर त्वचेवर जेमतेम एक थेंब दिसतो, तोही लगेच थांबतो, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आत मात्र कच्चं बूच हललं तर रक्त झिरपत राहतं. स्नायूभोवती घट्ट आवरण असल्यामुळे ते बाहेर येत नाही, आतच साठतं. त्यालाच हिमॅटोमा म्हणतात. सगळी काळजी घ्यायची ती याच्यासाठी. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांचं याच्या उलट असतं. त्यांचा पहिला टप्पा कमजोर असतो, त्यामुळे टोचल्याजागी रक्त थोडं जास्त वेळ येतं, पण ते समोर दिसतं आणि दाबून धरलं की थांबतं. नुसती ॲस्पिरिन चालू आहे म्हणून लस नाकारणं मला अजिबात पटत नाही.

आता एक उदाहरण घेऊन पायरीपायरीने जाऊ. समजा, साताऱ्याच्या बाजूच्या एका गावात बासष्ट वर्षांच्या एक काकू आहेत. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि पुढे धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ॲसिनोकुमारॉल. वजन अठ्ठेचाळीस किलो. पिशवीत एक वही आहे आणि तिच्यात आयएनआरचे आकडे लिहिलेले आहेत. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो याचं माप. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. काकूंच्या जातीच्या झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा.

लस देणाऱ्याने आधी वही मागायची. ब्रिटनमध्ये लसीकरणाचं 'ग्रीन बुक' म्हणून सरकारी मार्गदर्शक आहे. त्यातला नियम अगदी व्यवहारी आहे: आयएनआरच्या तपासण्या वेळेवर होत असतील आणि शेवटचा आकडा त्या रुग्णाच्या ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाखाली असेल, तर स्नायूत लस द्यायला हरकत नाही. काकूंचा आकडा बारा दिवसांपूर्वी ३.१ होता आणि त्याआधीचे दोन आकडेही मर्यादेतच होते. म्हणजे आजच लस द्यायची.

पण वहीत शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची असेल तर? आपल्याकडे हे फार होतं. तालुक्याला जायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी पुन्हा जायचं, हे सगळं लांबणीवर पडत जातं. अशा वेळी जुन्या आकड्यावर विसंबायचं नाही. आधी आयएनआर करून घ्यायचा, शक्य तर त्याच दिवशी. आणि तो ५.२ निघाला तर लस त्या दिवशी बाजूलाच राहू द्यावी. आता मोठं काम म्हणजे तो आकडा खाली आणणं. गोळीचा डोस बदलायचा की एखादा डोस टाळायचा, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. आकडा मर्यादेत आला की लस. आठवड्याभराच्या उशिराने फ्लूच्या लसीचं काही बिघडत नाही. उलट लसीच्या निमित्ताने वाढलेला आयएनआर सापडला, हा काकूंचा फायदाच झाला.

यानंतर सुईची निवड. सुईचा गेज जितका मोठा, तितकी सुई बारीक. अशा रुग्णांसाठी २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरायची असते, म्हणजे २३, २४ किंवा २५. वेगळी बसवायची सुई असेल तर तिच्या मुळाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या रंगावरून हे बसल्याजागी ओळखता येतं. निळा म्हणजे २३, जांभळा २४, नारिंगी २५. हिरवा असेल तर ती २१ गेजची जाड सुई, आणि काळा म्हणजे २२. या दोन्ही इथे नकोत. फ्लूच्या काही लसी आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतात आणि त्यांना सुई जोडलेलीच असते. तिथे गेज खोक्यावर छापलेला असतो. तो विचारायला संकोच वाटू देऊ नये. "सिस्टर, माझी ॲसिनोकुमारॉल चालू आहे, सुई कितीची आहे?" एवढं विचारलं की पुरे. ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं की समोरचा माणूस माहीतगार आहे.

लांबीचंही गणित आहे. मोठ्या माणसांसाठी साधारणपणे एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरची सुई वापरतात. साठ किलोच्या आतल्या वजनाच्या माणसाला १६ मिलिमीटरचीही पुरते, मात्र त्वचा ताणून धरून सुई सरळ काटकोनात घालायला हवी. अठ्ठेचाळीस किलोच्या काकूंच्या दंडात एक इंची सुई रेटून घातली तर ती स्नायू ओलांडून हाडाला टेकू शकते, आणि तेवढी जास्त इजा होते. जागा कोणती? खांद्याच्या वर जे हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या फुगीर भागाच्या मध्यावर. फार वर टोचलं तर सांध्याला लागतं.

आणि कमरेत सुई नको. आपल्याकडे जुन्या पिढीला 'कमरेतली सुई' जास्त गुणकारी वाटते, काही ठिकाणी मागूनही घेतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना ती जागा सगळ्यात वाईट. तिथे स्नायू खोल असतात, वर चरबीचा थर असतो, आत रक्त साठलं तर बाहेरून दिसत नाही आणि दाबून धरायचं म्हटलं तरी दाब तिथवर पोचत नाही. दंडाचं तसं नाही. तो डोळ्यांसमोर असतो, बोटाखाली दाबता येतो, दुसऱ्या दंडाशी ताडून पाहता येतो.

सुई आत गेल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतं का हे पाहण्याची गरज लसीत नसते. त्या ओढाताणीत सुईचं टोक आत हलतं, म्हणून ते टाळलेलंच बरं. लस हळूहळू सोडायची, सुई सरळ बाहेर काढायची. आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी सगळ्यात जास्त वेळा चुकते. टोचल्याजागी कोरडा कापूस किंवा गॉज ठेवून बोटाने घट्ट दाबून धरायचं, कमीत कमी दोन मिनिटं, घड्याळ लावून. चोळायचं नाही. मधेच उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. आपल्या हाताला सवय असते ती इंजेक्शन दिलं की दोनदा चोळायचं आणि माणसाला उठवायचं अशी. त्या चोळण्यानेच नुकतं तयार झालेलं कच्चं बूच निसटतं. मघाशी पाहिलं तसं, या माणसांचं बूच पक्कं व्हायला वेळ लागतो, म्हणून त्या वेळात ते बाहेरच्या दाबाने धरून ठेवायचं. गर्दीच्या दवाखान्यात सिस्टरला प्रत्येकापाशी दोन मिनिटं उभं राहणं जमणार नाही, हे खरं आहे. पण काकूंच्या मुलाला किंवा खुद्द काकूंना बोट कुठे आणि किती जोरात ठेवायचं ते दाखवून दिलं की काम होतं.

मग स्नायू सोडून त्वचेखालीच लस दिली तर जास्त सुरक्षित नाही का? हा प्रश्न रास्त आहे. स्पेनमध्ये बार्सिलोना भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांनी तो थेट तपासून पाहिला. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेणारे दोनशेहून जास्त रुग्ण निवडले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला फ्लूची लस स्नायूत दिली, दुसऱ्याला त्वचेखाली. लस देण्याआधी आणि दिल्यानंतर दंडाचा घेर टेपने मोजला. आत रक्त साठलं असतं तर घेर वाढला असता. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. स्नायूत लस दिलेल्यांच्या दंडात जास्त रक्तस्राव झालेला दिसला नाही. उलट लालसरपणा, दुखणं असे स्थानिक त्रास त्वचेखाली लस घेतलेल्यांना अधिक झाले. मला हा अभ्यास आवडतो तो त्याच्या साधेपणासाठी. जी भीती वर्षानुवर्षं ऐकीव होती, ती एका टेपने मोजून पाहिली.

याचा अर्थ त्वचेखालचा मार्ग बंद आहे असा नाही. फ्लूच्या काही लसींच्या माहितीपत्रकातच स्नायूत किंवा खोल त्वचेखाली, अशा दोन्ही मार्गांना परवानगी दिलेली असते. ज्याचा रक्तस्रावाचा धोका खरोखर मोठा आहे, त्याच्यासाठी डॉक्टर तो मार्ग निवडू शकतात. मात्र ते लसीगणिक बदलतं. आपल्या हातातल्या खोक्यातलं पत्रक वाचूनच ते ठरवायचं.

आता त्या "चार दिवस गोळी बंद करा" या सल्ल्याकडे येऊ. धातूच्या झडपेवर गुठळी बसायला रक्त नेहमीसारखं गोठू लागणं पुरेसं असतं. तशी गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा तिचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. एका बाजूला दंडातलं काळंनिळं, दुसऱ्या बाजूला हे. लसीसाठी गोळी थांबवण्याचं काहीही कारण नाही. पुन्हा सुरू केल्यावरही ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफेरिनचा परिणाम पूर्ववत व्हायला कितीतरी दिवस जातात, तोवर माणूस अधांतरी राहतो. रिव्हारोक्सबॅन, अपिक्सबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचं वागणं वेगळं आहे. त्यांचा परिणाम गोळी घेतल्यावर दोन-चार तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या गोळीच्या वेळेपर्यंत उतरत जातो. म्हणून लसीची वेळ जुळवता येत असेल तर पुढच्या गोळीच्या थोडं आधीची निवडावी. रात्रीच्या जेवणाबरोबर रिव्हारोक्सबॅन घेणाऱ्याने संध्याकाळी लस घ्यावी आणि गोळी नेहमीच्या वेळीच घ्यावी. वेळ जुळली नाही म्हणून लस चुकवू नये, आणि गोळी तर नाहीच नाही.

लस न घेण्याची किंमत या माणसांना इतरांपेक्षा जास्त का मोजावी लागते, हेही सांगायला हवं. काकूंना फ्लू झाला की ताप येतो, जेवण तुटतं. पालेभाज्या पोटात जात नाहीत, म्हणजे त्यांतलं के जीवनसत्त्व कमी पडतं आणि गोळीचा परिणाम चढतो. तापाने तो आणखी चढतो. छातीत कफ झाला म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, आणि त्यांतली बरीचशी आयएनआर वाढवणारी असतात. दंडात अर्धा मिलिलिटर लस नको म्हणून टाळलेल्या माणसाचा आयएनआर फ्लूच्या आठवड्यात कुठच्या कुठे जाऊ शकतो, आणि मग रक्तस्राव होतो तो पोटात नाहीतर डोक्यात. स्वतः लसीमुळे मात्र बहुतेकांच्या आयएनआरमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. ज्याचा आकडा मुळातच वरखाली होत असतो, त्याने लसीनंतर आठवड्याभरात एकदा तपासून घेतला तर बरं.

हिमोफिलियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे औषधाने दुसरा टप्पा मंद केलेला नसतो, तो जन्मापासूनच अपुरा असतो. हिमोफिलिया ए मध्ये आठवा फॅक्टर कमी असतो, बी मध्ये नववा. फॅक्टर एक टक्क्याहूनही कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम, त्याहून जास्त असेल तर सौम्य. तीव्र आजार असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला लस द्यायची तर सुईची बारकाई आणि दोन मिनिटांचा दाब एवढ्यावर भागत नाही. तिथे क्रम महत्त्वाचा असतो. आधी शिरेतून फॅक्टर द्यायचा, मग त्याच दिवशी लस. आठव्या फॅक्टरचं रक्तातलं प्रमाण साधारण आठ ते बारा तासांत निम्म्यावर येतं. म्हणून सकाळी फॅक्टर आणि दुसऱ्या दिवशी लस, असं केलं तर फॅक्टर वाया गेल्यात जमा. जो मुलगा नियमित प्रतिबंधक फॅक्टर घेतो त्याची लस त्याच्या फॅक्टरच्या दिवशीच ठेवायची, म्हणजे जादा डोस लागत नाही. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम आणि काही जिल्हा रुग्णालयं इथे हिमोफिलियाच्या रुग्णांना फॅक्टर मिळतो. घराजवळच्या दवाखान्यात लस आणि शहरात फॅक्टर अशी विभागणी करण्यापेक्षा लसीची कुपी थंड पेटीतून त्या केंद्रावर नेण्याची सोय करावी, किंवा लस तिथेच मिळते का ते विचारावं.

जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शनात आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. जमेल तिथे त्वचेखालचा मार्ग निवडावा. स्नायूतच द्यायची असेल तर आधी पाच मिनिटं त्या जागी बर्फाची पिशवी धरावी, मिळेल तितकी बारीक सुई वापरावी, आणि नंतर कमीत कमी दहा मिनिटं दाबून धरावं. दोन नव्हे, दहा. बारा वर्षांचा मुलगा दहा मिनिटं एका जागी बसवायचा म्हणजे आईची कसोटी, पण त्या दहा मिनिटांनी पुढचा आठवडाभराचा त्रास वाचतो. एमिसिझुमॅब हे नवं औषध नियमित घेणाऱ्या मुलांना लसीसाठी वेगळा फॅक्टर सहसा लागत नाही. व्हॉन विलेब्रँड आजारात मात्र प्रकारागणिक उपाय बदलतो, त्यामुळे लसीची तारीख ठरवण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांशी एकदा बोलावंच लागतं.

प्लेटलेट कमी असणाऱ्यांबद्दल थोडक्यात. आयटीपीसारख्या आजारात ज्यांच्या प्लेटलेट नेहमीच कमी असतात, त्यांनी ताजा आकडा घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारावं. डेंग्यू झालेल्यांनी थांबावं. पावसाळ्यात फ्लू आणि डेंग्यू हातात हात घालून येतात, आणि प्लेटलेट घसरलेल्या असताना स्नायूत सुई घालणं शहाणपणाचं नाही. ताप जाऊन प्लेटलेट पूर्ववत झाल्या की लस घेता येते.

घरी आल्यावर काय पाहायचं? दंड दोन दिवस दुखणं, रुपयाएवढं काळंनिळं होणं, थोडी कणकण येणं, हे नेहमीचं आहे. दुखलं तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा. गरम शेक, बाम चोळणं, तेल लावून मालिश हे सगळं टाळावं, कारण उष्णतेने आणि चोळण्याने आतलं रक्त वाढतं. गोळी घ्यायचीच तर पॅरासिटामॉल, तीही एक-दोन वेळा, कारण रोजच्या रोज घेतली तर ती आयएनआर वाढवते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा डॉक्टरांनी लावून न दिलेली ॲस्पिरिन नको. औषधांच्या दुकानातून 'अंगदुखीची गोळी' आणताना नाव वाचूनच घ्यावं, कारण त्या पाकिटात बहुधा यांपैकीच काहीतरी असतं.

सूज वाढते आहे अशी शंका आली तर बॉलपेनने तिच्या कडेने रेघ ओढावी आणि तासा-दोन तासांनी पाहावं. सूज रेघेबाहेर गेली, दंड टणक आणि ताणलेला लागू लागला, दुखणं उतरायचं सोडून चढत गेलं, बोटांना मुंग्या आल्या किंवा हात उचलेनासा झाला, तर सकाळची वाट पाहू नये. हे लस घेतल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. हिमोफिलियाच्या मुलाला तडक फॅक्टर मिळतो त्या रुग्णालयात न्यावं, गोळ्या घेणाऱ्याला मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. तिथे पहिल्याच वाक्यात तीन गोष्टी सांगाव्यात: कोणती गोळी किंवा कोणता रक्तविकार आहे, शेवटची गोळी किंवा फॅक्टर कधी घेतला, आणि लस कोणत्या दंडात, किती वाजता दिली. आयएनआरची वही सोबत असू द्यावी. त्याच वहीत लसीची तारीख, दंड डावा की उजवा आणि सुईचा गेज लिहून ठेवला असेल, तर पुढच्या वर्षी लस देणाऱ्यालाही काही विचारावं लागत नाही.